छापा-काट्याची शर्यत: आधी कोण येणार?

नाणं उडवत राहायचं. एकाने तीन फेकींचा एक क्रम निवडायचा, दुसऱ्याने दुसरा. ज्याचा क्रम आधी येईल तो जिंकला. वॉल्टर पेनी यांनी 1969 मध्ये हा खेळ एका लहानशा कोड्याच्या रूपात मांडला. तो सर्वदूर पोचला मार्टिन गार्डनर यांच्या ऑक्टोबर 1974 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरामुळे.

छाप्याला ‘छ’ आणि काट्याला ‘क’ म्हणू. कोणत्याही ठरावीक तीन फेकींत आठही क्रमांची शक्यता सारखीच, 1/8. म्हणून वाटतं, शर्यतही बरोबरीचीच असणार. पण पहिल्याने छछक निवडलं आणि दुसऱ्याने कछछ, तर दुसरा चारपैकी तीनदा जिंकतो. कारण अगदी साधं आहे. पहिल्या दोन्ही फेकी छापा पडल्या, तर पुढे कधीतरी काटा येणारच आणि छछक जिंकणार. याची शक्यता 1/4. एरवी ‘छछ’ ही जोडी पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्या आधी काटा येऊन गेलेलाच असतो, म्हणजे कछछ पूर्ण झालेलं असतं.

तेव्हा खरी गोष्ट क्रमांच्या एकमेकांत गुंतण्याची आहे. छछकचं डोकं कछछच्या शेपटीत आधीच दडलेलं असतं. दुसऱ्या खेळाडूची युक्तीही यातूनच निघते: समोरच्याची पहिली दोन अक्षरं आपल्या शेवटी घ्यायची आणि त्यांच्याआधी त्याच्या मधल्या अक्षराच्या उलट अक्षर लावायचं. छछकला कछछ हरवतं, कछछला ककछ, ककछला छकक आणि छककला पुन्हा छछक! सगळ्यांना पुरून उरेल असा क्रमच नाही, त्यामुळे आधी निवडणारा नेहमी तोट्यात.

हे गुंतणं मोजण्याची रीत जॉन कॉनवे यांनी शोधली आणि मला ती या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. एका क्रमाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याशी तीन अक्षरांत जुळली तर 4, दोनांत जुळली तर 2, एकात जुळली तर 1 गुण द्यायचा. छछक स्वतःशी 4, कछछशी 1. कछछ स्वतःशी 4, छछकशी 2 अधिक 1 म्हणजे 3. मग कछछच्या जिंकण्याचं प्रमाण (4−1) : (4−3), म्हणजे 3 : 1.

स्वतःशी जुळण्याच्या गुणांची दुप्पट केली, की तो क्रम येईपर्यंत सरासरी किती फेकी लागतात ते कळतं. छछछला 14, कछछला 8. मात्र वाट पाहणं आणि शर्यत या वेगळ्या गोष्टी आहेत. दोनच फेकींचे क्रम घ्या. छछला सरासरी 6 फेकी लागतात, छकला 4. तरी त्यांची शर्यत बरोबरीत सुटते, कारण पहिल्या छाप्यानंतरची एकच फेक निकाल लावते. फरक पडतो तो चुकल्यावर. छकची वाट पाहताना काट्याऐवजी छापा आला तरी हातात छापा उरतोच. छछची वाट पाहताना काटा आला, की पहिल्यापासून सुरुवात.