तीळ व त्वचेवरील डाग : धोक्याची लक्षणे

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा होऊन जो छोटा, निरुपद्रवी पुंजका तयार होतो, त्याला तीळ म्हणतात. बहुतेक तीळ लहानपणापासून तिशीपर्यंत उगवतात, वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि उतारवयात काही फिके पडतात. याच पेशी बेताल वाढू लागल्या, तर मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग होतो. मेलानोमा जुन्या तिळातूनच होतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात दहापैकी सुमारे सात मेलानोमा कोऱ्या त्वचेवर नवा डाग म्हणून सुरू होतात. त्यामुळे अंगावरच्या ओळखीच्या तिळांवर नजर ठेवणे पुरेसे नसते. चाळिशीनंतर नव्याने उगवून वाढत राहणारा डागही डॉक्टरांना दाखवायला हवा.

धोक्याचा तीळ ओळखण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये चार खुणा सुचवल्या. तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्याशी न जुळणे, कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट असणे, एकाच तिळात तपकिरी, काळा, लाल, निळसर, पांढरा असे वेगवेगळे रंग दिसणे आणि व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, अशा त्या खुणा होत. २००४ मध्ये त्यांत पाचवी खूण जोडली गेली, ती बदलाची. पाचांपैकी एकच लक्षात ठेवायची असेल, तर ही पाचवी ठेवावी. तीळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पसरू लागला, उंच झाला, त्याचा रंग पालटला, त्यातून रक्त किंवा पाणी येऊ लागले, तर बाकीच्या चार खुणा दिसत नसल्या तरी तपासणी करून घ्यावी.

पहिल्या चार खुणा चकवतातही. मेलानोमाचा गाठीसारखा वाढणारा एक प्रकार गोल, एकाच रंगाचा, नीट कडांचा असू शकतो. कधी त्यात काळा रंग नसतोच आणि तो गुलाबी पुळीसारखा दिसतो. असा उंचवटा हाताला घट्ट लागतो आणि महिनाभर सतत वाढत राहतो. पुळी या काळात एकतर फुटते किंवा बसते. गाठ बसत नाही. पिकत नसलेली, लवकर रक्त येणारी, वाढत जाणारी गाठ दिसली, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

आणखी एक खूण फ्रान्समधील डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडली. एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एकमेकांसारखे असतात. त्यांच्यात जो वेगळाच दिसतो, इतर फिके असताना एकटा काळाकुट्ट किंवा इतर लहान असताना एकटा मोठा, तो आधी दाखवावा. अंगावर पुष्कळ तीळ असलेल्यांना ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण प्रत्येक तीळ मोजत बसणे कोणाला जमत नाही.

सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांत मेलानोमा गोऱ्यांच्या तुलनेत खूपच कमी होतो. मात्र होतो तेव्हा तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. या जागांवर ऊन फारसे पडत नाही, त्यामुळे उन्हापासून जपूनही तो टळत नाही. शिवाय याच जागांवर घट्टे, कुरूप, चामखीळ, बुरशी आणि मार नेहमीचे असल्याने डागाकडे कोणी संशयाने पाहत नाही. निदान उशिरा होण्याचे हे मोठे कारण आहे.

तळपायावरच्या काळ्या डागाबाबत पहिला प्रश्न असतो की, हे साकळलेले रक्त आहे की रंगपेशी. टाचेला दाब किंवा घर्षण बसून आलेले रक्त जाड त्वचेच्या वरच्या थरात असते. डॉक्टरांनी पात्याने तो थर अलगद तासला की डाग निघून जातो. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, त्या गोठलेल्या केशवाहिन्या असतात, आणि त्या जागी त्वचेच्या रेषा तुटलेल्या असतात. रंगपेशींचा डाग तासूनही राहतो. त्यापुढचा फरक डर्मोस्कोप या प्रकाश आणि भिंग असलेल्या उपकरणातून कळतो. तळपायाच्या त्वचेवर उंच रेघा आणि त्यांच्यामधल्या खाचा अशी नक्षी असते. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत बसलेला असतो, तर मेलानोमाचा रंग उंच रेघांवर चढतो. उघड्या डोळ्यांना हा भेद दिसत नाही. म्हणून तासण्याचा प्रयोग घरी ब्लेडने करण्यात काही हशील नाही, जखम मात्र होते.

नखाची गोष्ट काळाच्या मोजमापाने उलगडते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम एक ते दीड. मार लागून नखाखाली रक्त साकळले असेल, तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्यामागे नखमुळाकडे स्वच्छ नख दिसू लागते. दोन-तीन महिन्यांनीही डाग नखमुळाला चिकटूनच असेल, तर ते रक्त नसावे. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत उभी तपकिरी पट्टी असणे सावळ्या लोकांत सामान्य आहे, आणि अशा पट्ट्या अनेक बोटांवर असल्या तर त्या सहसा निरुपद्रवी असतात. एकाच बोटावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, प्रौढ वयात नव्याने उमटलेली पट्टी वेगळी. ती ३ मिलिमीटरहून रुंद होत गेली, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद दिसू लागली, नख तिथे चिरू लागले किंवा रंग नखाच्या कडेच्या त्वचेवर पसरला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. कडेच्या त्वचेवर पसरणाऱ्या रंगाची खूण इंग्लंडचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये याच प्रकारचा मेलानोमा आढळला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

अशा डागावर मलम लावण्याचे नुकसान दुहेरी असते. एक तर वेळ जातो. दुसरे म्हणजे पुरावा बिघडतो. स्टेरॉइडचे मलम लालसरपणा आणि खाज दाबते, त्यामुळे सुधारणा झाल्यासारखी वाटते. रंग उजळवणारे मलम पृष्ठभाग फिका करू शकते, खालच्या पेशी तिथेच राहतात. तीळ जाळून काढण्यासाठी विकली जाणारी दाहक मलमे वरची त्वचा मारतात, खपली पडते, जागा भरून येते आणि कर्करोग त्या वणाखाली वाढत राहतो. संशयाचा तीळ तपासणीशिवाय लेसरने किंवा गोठवून काढण्यातही हाच धोका आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काहीच उरत नाही. त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांवर इमिक्विमॉडसारखे मलम खरोखर उपचार म्हणून दिले जाते, पण तुकड्याच्या तपासणीने निदान पक्के झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित पण नमुनेदार प्रकरणावरून स्पष्ट होईल. पन्नाशीतील एका बाईंच्या डाव्या टाचेवर ८ मिलिमीटरचा सपाट तपकिरी डाग आहे. दुखत नाही, खाजत नाही. कुरूप असेल म्हणून त्या सॅलिसिलिक आम्ल असलेले औषध लावतात. वरची त्वचा सोलून निघते, डाग जरा फिका दिसतो, पुन्हा गडद होतो. असे सहा-सात महिने चालते. तोवर डाग १४ मिलिमीटरचा होतो, एका बाजूला शाई पसरावी तसा रंग फाकतो, मधोमध छोटी गाठ येते आणि मोजे ओले होऊ लागतात. आता त्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात. डर्मोस्कोपमध्ये रंग उंच रेघांवर दिसतो. डाग सभोवतालच्या २ मिलिमीटर निरोगी त्वचेसह पूर्ण काढून तपासणीला जातो. अहवालात मेलानोमा, जाडी १.६ मिलिमीटर आणि पृष्ठभागावर उघडी जखम असल्याचे येते.

या जाडीला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की मेलानोमा किती रुंद आहे यापेक्षा तो त्वचेत किती खोल गेला आहे यावर पुढचे बरेच अवलंबून असते. १.६ मिलिमीटर असल्यामुळे बाईंना भोवतालची आणखी १ ते २ सेंटिमीटर त्वचा काढावी लागते, टाचेवर त्वचारोपण करावे लागू शकते आणि कर्करोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी जांघेतील पहिली लसिकाग्रंथी काढून तपासली जाते. डाग सपाट होता तेव्हाच त्या आल्या असत्या आणि तो त्वचेच्या वरच्या थरापुरताच असता, तर अर्धा ते एक सेंटिमीटर त्वचा काढून काम भागले असते, ग्रंथी तपासण्याची गरज पडली नसती. वेदना नव्हती म्हणून त्या थांबल्या. सुरुवातीचा मेलानोमा बहुधा दुखत नाही.

तिळाला सुरी लावली की कर्करोग पसरतो, ही भीती अनेकांना तपासणीपासून दूर ठेवते. तुकडा काढून तपासल्याने आजार बळावत नाही. डाग फार मोठा किंवा अडचणीच्या जागी असेल, तर त्याचा एक भाग घेतला जातो. मात्र तो भाग सर्वांत खोल जागेचा नसेल, तर अहवाल दिलासा देणारा येऊनही चुकू शकतो. अहवाल आणि डोळ्यांना दिसणारे चित्र यांत मेळ नसेल, तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगावे.

मेलानोमाखेरीज इतर त्वचाकर्करोगांची खूण बहुधा न भरणारी जखम असते. मोत्यासारखी चकाकणारी कड, मध्ये खपली, ती पडली की रक्त, पुन्हा खपली, असे तीन-चार आठवडे चालले तर जखमेचे मलम बदलत बसू नये. भाजल्याच्या जुन्या वणावर अनेक वर्षांनी उघडलेली जखमही याच गटात येते. बुरशीच्या मलमाला दाद न देणारा, हळूहळू पसरणारा एकच लाल, खवलेदार चट्टा हाही तपासून घेण्यासारखा असतो.

याउलट तिळावर केस असणे ही धोक्याची खूण नाही. वाढत्या मुलांचे तीळ शरीराबरोबर सावकाश मोठे होतात. उतारवयात येणारे, मेण चिकटवल्यासारखे दिसणारे खरबरीत डाग आणि लालचुटुक छोटे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. गरोदरपणात तीळ बदलला तर तो त्या काळाचाच परिणाम म्हणून सोडून मात्र देऊ नये. तेव्हाही तपासणी सुरक्षितपणे करता येते.

डॉक्टरांकडे जाताना डागाशेजारी मोजपट्टी धरून काढलेले, तारखेसह छायाचित्र असल्यास निदानाला मदत होते. डाग कधी दिसला, काय बदलले, त्यावर काय काय लावले आणि घरात कोणाला मेलानोमा झाला होता का, हे सांगावे. जाण्याआधी निदान काही दिवस त्यावर काही लावू नये, आणि नखांवर रंग असेल तर तो हातापायांच्या सगळ्या नखांवरून काढून जावे.