आयईएलटीएसची तारीख घेण्याआधी मॉक टेस्टचा रिपोर्ट कसा वाचावा

मॉक टेस्टच्या रिपोर्टवर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो ओव्हरऑल बँड, आणि बहुतेक जण तेवढाच पाहून फी भरतात. निर्णय मात्र खालच्या चार आकड्यांवर घ्यायचा असतो. आधी विद्यापीठाची अट नीट वाचा. समजा ती अशी आहे: ॲकॅडमिक परीक्षेत ओव्हरऑल ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको.

आता सोलापुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याचा रिपोर्ट घेऊ. लिसनिंगमध्ये ४० पैकी ३० म्हणजे ७, रीडिंगमध्ये ४० पैकी २३ म्हणजे ६, रायटिंग ६ आणि स्पीकिंग ६.५. बेरीज २५.५, सरासरी ६.३७५. ओव्हरऑल जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणून ६.५. अट पूर्ण झालेली दिसते.

पण रीडिंगचे २३ अगदी काठावर आहेत. ॲकॅडमिक रीडिंगमध्ये ६ बँडसाठी साधारण २३ बरोबर उत्तरं लागतात आणि प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार ही रेषा थोडी हलते. एक उत्तर चुकलं तर रीडिंग ५.५ होईल. बेरीज २५, सरासरी ६.२५, आणि .२५ वर बँड वर जातो, म्हणजे ओव्हरऑल तरीही ६.५! वरचा आकडा जागेवरच राहिला, पण प्रवेशाची अट मोडली. त्यात रायटिंगही ५.५ आलं तर सरासरी ६.१२५ होते आणि ओव्हरऑल ६ वर येतो. हा विद्यार्थी अजून तयार नाही. आमच्या मते दोन नव्या, आधी न पाहिलेल्या मॉकमध्ये रीडिंग २६ च्या पुढे गेल्याशिवाय त्याने तारीख घेऊ नये.

किती दिवस थांबायचं, हे चुकलेली १७ उत्तरं सांगतात. ती बहुतेक तिसऱ्या उताऱ्यातली आणि कोरी असतील तर अडचण वेळेची आहे. ६० मिनिटांत तीन उतारे सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी ठेवू नका. ही अडचण सरावाने लवकर सुटते. चुका तिन्ही उताऱ्यांत विखुरलेल्या असतील, विशेषतः ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांत गोंधळ होत असेल, तर वाचून समजण्यातच कमतरता आहे. त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. स्पेलिंग चुकलं किंवा दोनच शब्द मागितले असताना तीन लिहिले तरी उत्तर चूक धरतात. मॉक तपासणाऱ्याने ते बरोबर धरलं असेल तर तुमचे २३ मुळात २१ असू शकतात. ऑडिओ मध्येच थांबवून सोडवलेल्या लिसनिंगचे गुण तर हिशेबात घेऊच नका.

रायटिंगच्या बँडवर सगळ्यात कमी भरवसा ठेवा. नुसता ‘६’ लिहिलेला असेल तर शिक्षकांकडून चारही निकषांचे वेगवेगळे बँड मागा: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं, त्यामुळे आलेख-वर्णन छान आणि निबंध अर्धवट असेल तर सहाची खात्री नाही.

रिपोर्ट पक्का वाटला की कागद. परीक्षेला बसायला शिक्षणाची किमान अट नाही. भारतात मुदतीतला मूळ पासपोर्ट लागतो. आधार किंवा झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट नसेल तर सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आजच घ्या, कारण पोलीस पडताळणीत वेळ जातो आणि नोंदणीच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबर भरावाच लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. पासपोर्टवर तुमच्या नावातच वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर इथेही हवं.

नोंदणी ielts.idp.com वर होते. ॲकॅडमिक की जनरल ट्रेनिंग, हे निवडताना घाई नको. जनरलमध्ये रीडिंगचे तेच २३ गुण साधारण ५ बँडचे ठरतात, म्हणून मॉकही त्याच प्रकारची दिलेली असायला हवी. स्पीकिंगचा स्लॉट वेगळ्या दिवशी येऊ शकतो. पुण्याचं केंद्र घेणार असाल तर शक्यतो एकाच दिवसाचे स्लॉट पाहा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून सकाळचा पेपर गाठता येत नाही, आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो.

फक्त एकच विभाग घसरला तर कॉम्प्युटरवरच्या परीक्षेनंतर ६० दिवसांत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो. मात्र प्रत्येक विद्यापीठ तो निकाल धरतंच असं नाही. या सोयीच्या भरवशावर काठावरच्या गुणांनी तारीख घेण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर मागवून घ्या.