रागात बाजूला जाणं म्हणजे पाठ फिरवणं नाही

"नवराबायकोने भांडण तिथल्या तिथे मिटवावं, उठून गेलं की दुरावा वाढतो."

ही भीती खरी आहे, पण दुरावा उठून जाण्याने नाही, न सांगता जाण्याने येतो. भडकलेलं शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, कधी तासही, आणि तोवर समोरच्याचं साधं वाक्यही टोमणा वाटतं. स्वतःच बघा, 15 सेकंद नाडी मोजा, चारने गुणा, बसल्या जागी 100 च्या वर असेल तर बोलणं थांबवा. पण सांगून जा: "माझं डोकं तापलंय, मी टेकडीवर जाऊन येते, नऊला परत आले की पैशांचं बोलूच." कारण, वेळ, विषय, तिन्ही हवेत. आणि नऊला स्वतःहून विषय काढायचा, तो राहिला की पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. फिरताना मनात तेच भांडण घोळवलं तर मात्र राग उतरत नाही.