डावा रकाना रिकामा ठेवायचा, पण एक दिवसच

व्याख्यानाच्या नोट्स दोन रकान्यांत काढायची पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांच्यामुळे जगभर पोचली. पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे साधारण अडीच इंचांचा अरुंद रकाना, उजवीकडे सहा इंचांचा रुंद. तास चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं. बरेच जण इथवर नीट करतात आणि मग तास सुरू असतानाच डावीकडे मथळे टाकून मोकळे होतात. पान देखणं दिसतं, पण पद्धतीतला कामाचा भाग तिथेच निसटतो.

शरीरशास्त्राच्या एका तासाचं उदाहरण घेऊ. विषय आहे, चेतापेशीतून संदेश कसा जातो. उजव्या रकान्यात घाईघाईत उतरलेलं असं: ‘शांत असताना आत -७०. -५५ ला सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत, +३० पर्यंत. मग पोटॅशियम बाहेर. दारं थोडा वेळ बंद, म्हणून मागे नाही.’ आकडे मिलिव्होल्टमधले आहेत हे लिहायचं राहिलंय. ‘मागे नाही’ म्हणजे काय, हे त्या क्षणी इतकं स्पष्ट होतं की जास्त लिहायची गरजच वाटली नाही.

त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वही उघडली, तर हे तुटक शब्द अजून बोलके असतात. संदेश पुढे सरकला की मागच्या भागातली सोडियमची दारं थोडा वेळ उघडूच शकत नाहीत, त्यामुळे तो उलटा फिरत नाही, हे आठवतं आणि तिथल्या तिथे पूर्ण करता येतं. दोन आठवड्यांनी ‘मागे नाही’ हे आपल्याच अक्षरातलं कोडं होऊन बसतं. एका दिवसाची मर्यादा माझ्या मते सर्वांत आधी यासाठी आहे.

दुरुस्ती झाली की डावा रकाना भरायचा. तिथे ‘चेतासंदेश’ असा मथळा लिहिला तर तो काहीच विचारत नाही. ‘संदेश उलटा का फिरत नाही?’, ‘आतला विद्युतदाब -५५ पर्यंत पोचलाच नाही तर काय होतं?’ असे प्रश्न हवेत. मग उजवी बाजू कोऱ्या कागदाने झाकायची, प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्याने सांगायचं किंवा लिहायचं आणि मगच कागद सरकवायचा. तासाभराच्या व्याख्यानाला पाच-सहा प्रश्न पुरतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. पानाच्या तळाशी दोन इंच जागा सोडली असेल तर तिथे दोन-तीन वाक्यांत सार लिहावं.

झाकणं एवढं महत्त्वाचं का? २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ वर. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येतंय’ असा भास होतो. वहीवर नुसतं हायलायटर फिरवण्याची गत तीच.

‘एका दिवसात दोन-तृतीयांश विसरतो’ हा नेहमी ऐकू येणारा आकडा मात्र जपून वापरावा. तो जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या प्रयोगांतून आलाय. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले, तेही निरर्थक अक्षरगट पाठ करून. शिवाय त्यांनी मोजलं ते पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो हे. एका दिवसानंतर ती बचत सुमारे ३४ टक्के होती. समजून ऐकलेलं व्याख्यान त्या वेगाने पुसलं जात नाही. उपयोगाचा आहे तो त्यांच्या विस्मरणाच्या आलेखाचा आकार: घसरण सुरुवातीला तीव्र असते, नंतर मंदावते.

एकाच उजळणीवर परीक्षेपर्यंत निभावत नाही. तेच प्रश्न आठवड्याने आणि पुढे आणखी मोठ्या अंतराने पुन्हा विचारावे लागतात. पहिल्या दिवशी भरलेला डावा रकाना तेव्हा आयता हाताशी असतो. गणितातल्या लांबलचक सिद्धतेला मात्र ही मांडणी तितकीशी मानवत नाही. तिथे डावीकडे ‘ही पायरी का चालते?’ एवढंच लिहावं आणि सिद्धता कोऱ्या कागदावर पुन्हा करून बघावी.

दुसऱ्याच दिवशी निम्म्याहून जास्त प्रश्नांपाशी अडायला झालं, तर दोष स्मरणशक्तीला देऊ नये. बहुधा तासाला मुद्दा समजलाच नव्हता, किंवा फळ्यावरचं उतरवताना ऐकायचं राहून गेलं. अशा वेळी त्याच नोट्स घोकण्यात अर्थ नाही. तेवढा भाग पुस्तकात वाचावा किंवा शिक्षकांना विचारावा, आणि उजवा रकाना नव्याने लिहावा.