वकिलाची वेबसाइट: ‘प्रॅक्टिस एरिया’ आणि ‘स्पेशालिस्ट’ यात गल्लत करू नका

वकिलांच्या साइट्स बनवून देताना एक वाद हमखास होतो. मी म्हणतो ‘स्पेशालिस्ट’ काढा, ते म्हणतात अहो मग मी काय काम करतो ते लोकांना कळणार कसं. कळणार की, त्यासाठी ‘प्रॅक्टिस एरिया’ आहे ना! दोन्ही शब्द एकच वाटतात पण एक चालतो आणि दुसरा अंगाशी येऊ शकतो.

मुळात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागता येत नाही, आडून आडूनसुद्धा नाही. पाटीवर किंवा लेटरहेडवर ‘अमक्या कामात स्पेशालिस्ट’ लिहायलाही त्याच नियमात मनाई आहे. २००८ मध्ये त्यात सुधारणा होऊन वेबसाइटला परवानगी मिळाली, पण मोकळं रान नाही, एक ठरलेली यादी आहे: नाव-पत्ता-फोन-ईमेल, सनदेचा नंबर आणि तारीख, कुठल्या बार कौन्सिलमध्ये नोंद आहे, कुठल्या बार असोसिएशनचे मेंबर आहात, शिक्षण आणि प्रॅक्टिस एरिया. बास. आणि या एरियाची उदाहरणं कशी दिलीयत बघा, सिव्हिल, क्रिमिनल, टॅक्सेशन, लेबर. म्हणजे कामाचा प्रकार सांगा, त्या कामात तुम्ही किती भारी आहात ते नको.

मागे एका वकील मॅडमची साइट हातात आली, आधीच्या डिझायनरने केलेली. होमपेजवर मोठ्या अक्षरात ‘चेक बाउन्स केसेसचे एक्सपर्ट, १५ वर्षांचा अनुभव, शेकडो समाधानी क्लायंट, आजच कॉल करा’. मॅडमचं म्हणणं यात खोटं काय आहे? खोटं काहीच नव्हतं, पण खरं असलं म्हणून ती जाहिरात नाही असं होत नाही ना.

मग आम्ही एकेक तुकडा घेऊन बसलो. ‘एक्सपर्ट’ गेलं, त्याजागी प्रॅक्टिस एरियाखाली लिहिलं ‘फौजदारी, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ च्या तक्रारींसह’. १५ वर्षं काढली आणि सनदेची तारीख टाकली, ती यादीत आहेच आणि वजाबाकी वाचणाऱ्यालाही येते. समाधानी क्लायंट पूर्ण उडवले, यादीत त्यांना जागाच नाही. ‘आजच कॉल करा’ च्या जागी नुसता फोन नंबर, कारण नंबर देणं ही माहिती झाली आणि कॉल करा म्हणणं म्हणजे काम मागणं.

एक पान मात्र अडलं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार, असा लेख होता मॅडमचा. उपयोगी आहे पण काटेकोर बघितलं तर यादीत लेख हा प्रकारच नाही. बरेच वकील टाकतात, तरी माझ्या मते ठेवायचाच तर फक्त कायदा सांगावा, खाली ‘अशी केस असेल तर आमच्याकडे या’ ही ओळ आली की लेखाचं पत्रक झालं.

आणि हो, तो साइट उघडल्या उघडल्या येणारा ‘आय ॲग्री’चा बॉक्स. लोकांना वाटतं तो लावला की आत काहीही लिहा. तसं नाहीये, यादीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. दिलेली माहिती खरी आहे हे वकिलाने जाहीर करणं मात्र नियमात आहे, आणि नेमकं तेच बऱ्याच साइटवर सापडत नाही.

सीएंचं गणित थोडं वेगळं. त्यांना काम मागायची आणि जाहिरातीची बंदी १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टातच आहे, आणि साइटवर काय चालतं ते त्यांच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या गाइडलाइन्स सांगतात, त्या अधूनमधून बदलतात म्हणून काम घेताना ताज्याच वाचायच्या, वकिलाचा मजकूर कॉपी करून ‘ॲडव्होकेट’च्या जागी ‘सीए’ टाकायचं नाही.

तर मॅडमचं पान स्वच्छ झालं, सगळे खूश. दोन दिवसांनी मी सर्चमध्ये नाव टाकून बघितलं तर निळ्या अक्षरात जुनंच शीर्षक. पानावरचा मजकूर बदलला होता पण सोर्समध्ये हे तसंच बसलेलं:

```html
<title>Best Cheque Bounce Lawyer</title>
```

पान उघडायच्या आधी लोक हीच ओळ वाचतात आणि ‘बेस्ट’ तिथेच पहिला शब्द. तिथे आता मॅडमचं नाव आणि पुढे ‘Advocate’ एवढंच आहे.