कवितेचे गद्यरूपांतर

कवितेतले शब्द तसेच ठेवून आणि प्रतिमांचा क्रम न बदलता तिचा साध्या गद्यात केलेला परिच्छेद. भावार्थात सांगणाऱ्याचे शब्द येतात, इथे कवीचेच राहतात. संस्कृत श्लोकाचा अन्वय याच्या जवळचा, पण त्यात कर्ता, कर्म, क्रियापद अशी मांडणी करताना प्रतिमा मागेपुढे झाल्या तरी चालते. विभक्तिप्रत्ययांमुळे श्लोकात विशेषण एका चरणात आणि विशेष्य दुसऱ्याच चरणात असू शकते, त्यामुळे तिथे क्रम राखणे बरेचदा अशक्यच असते. मराठी कवितेत ते बहुतेक जमते.

बालकवींची (1890–1918) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता या कामाला उत्तम. ‘निळा सावळा झरा वाहतो बेटाबेटातुन’ या ओळीत क्रियापद मध्ये आहे. ते शेवटी नेले की ‘निळासावळा झरा बेटाबेटातून वाहतो’ असे सरळ वाक्य होते. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ याचे ‘चार घरांचे चिमुकले गाव आहे’ होते. ‘टाकुनी’चे ‘टाकून’ करावे. भर घालायची ती ‘आहे’, ‘आणि’, ‘ती’, ‘हा’ एवढ्याच शब्दांची.

खरी अडचण शेवटच्या दोन ओळींत येते:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

काळिमा पसरतो कोण? औदुंबर, आणि तो तर कवितेचा अखेरचा शब्द आहे. अन्वयाच्या सवयीने ‘औदुंबर जळ झाकळून…’ अशी सुरुवात केली, तर व्याकरण बिनचूक राहते आणि कविता हातची जाते. हिरवाळी, निळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह असे रंग एकामागून एक येतात, तेव्हा कुठे झाड दिसते. म्हणून कर्ता शेवटीच ठेवावा: ‘जळ झाकळून लाटांवर गोड काळिमा पसरतो आहे, जळात पाय टाकून बसला आहे, असला हा औदुंबर.’ बोलताना आपण कर्ता असा मागाहून आणतोच, त्यामुळे हे वाक्य ओढूनताणून केलेले वाटत नाही.

नेहमीची चूक म्हणजे प्रतिशब्द. ‘जळ’चे ‘पाणी’ नकळत होऊन जाते. ‘गोड काळिमा’ची ‘मनावरची उदास छाया’ करणे त्याहून वाईट, कारण तो अर्थ झाला, रूपांतर नव्हे. तपासायचे तर परिच्छेदातले कवितेबाहेरचे शब्द खोडावेत. खोडलेल्यांत नाम किंवा विशेषण सापडले, तर रूपांतर फसले. उलट परिच्छेद मोठ्याने वाचताना जुनी चाल लागत असेल, तर त्या ठिकाणी शब्दक्रम अजून पद्याचाच आहे.

‘गोड’ आणि ‘काळिमा’ ही जोडी मात्र गद्यातही तितकीच चमत्कारिक राहते. ती सोपी करणे हे या रूपांतराचे काम नाही.