वरची रेघ नाही म्हणजे गुजराती, हे कुठून आलं

मागे एका ओळखीच्यांनी जुन्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला, म्हणाले मोडी आहे का बघ. वर रेघ नव्हती, तिथेच शंका आली, कारण मोडीत बहुतेक आधी आख्खी आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जातात.

रेघ नसणं ही गुजरातीची सगळ्यात सोपी खूण, पण त्यामागे इतिहास आहे. ही मुळात व्यापाऱ्यांच्या हिशोबाची आणि पत्रांची लिपी होती, वाणिआशाई किंवा सराफी म्हणायचे, भराभर लिहायचं म्हणून रेघ गेली आणि कितीतरी वेळा काना-मात्रासुद्धा गाळलेल्या. पोथ्या आणि काव्य मात्र 19व्या शतकापर्यंत देवनागरीतच लिहायचे, म्हणजे भाषा गुजराती असली तरी पान देवनागरीत असू शकतं, इथे खूप लोक फसतात. हिशोबाची ही लिपी छापील पुस्तकांत आणि पेपरात आली ती आपल्या मुंबईत, फर्दुनजी मर्झबान यांनी 1812 मध्ये छापखाना काढला आणि 1822 मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला.

लिपी ओळखताना कन्नडचं दुखणं वेगळं आहे, तिथे गोंधळ होतो तेलुगूशी. दोघींची लिपी मध्ययुगापर्यंत जवळपास एकच होती आणि आताचा फरक छापखान्यांच्या काळात पक्का झाला. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बहुतेक ✓ सारखी टिक असते, कन्नडमध्ये आडवी रेघ उजवीकडे वळलेली असते. आणि कन्नड लिपी दिसली म्हणून भाषा कन्नड असेलच असं नाही, कर्नाटकात कोंकणीसुद्धा त्याच लिपीत लिहितात.

तर त्या पानाचं काय झालं. त्यांनी पहिली ओळ 'संवत १९प२' अशी वाचली होती आणि मधला 'प' कुठून आला ते कळेना. तो गुजराती पाचाचा आकडा, ૫, हुबेहूब પ सारखा दिसतो! म्हणजे संवत 1952, इसवी सन 1895-96. संवत हीसुद्धा गुजरातीची खूणच, मोडी कागदात बहुतेक वेळा शक किंवा सुहूर सन सापडतो.

लिपी ठरल्यावरच ते पान टाइप कसं करायचं ते ठरवता आलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक नंबर असतो, गुजराती अक्षरं U+0A80 पासून, देवनागरी U+0900 पासून, मोडी U+11600 पासून, तिन्हींचे कोड वेगळे, त्यामुळे गुजराती पान देवनागरीत टाइप केलं तर गुजरातीत शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही. म्हणून आधी गुजराती अक्षरांत जसंच्या तसं उतरवलं, गाळलेल्या काना-मात्रा चौकोनी कंसात घातल्या, आणि देवनागरी प्रत खाली वेगळी दिली.